एक रुपया जमा झाला, तरी खातं नापास: पहिल्या पेमेंटआधीची बँक पडताळणी कुठे अडते आणि कशी सोडवायची

कोकम आगळ, काजूगर, आंबापोळी असलं काही विकायला ऑनलाइन बाजारात दुकान उघडलं, पहिल्या ऑर्डरी पोचल्या आणि पैसे मात्र ‘बँक पडताळणी अयशस्वी’ या एका ओळीपाशी अडले. अशा वेळी बहुतेक विक्रेते तोच फॉर्म, तेच आकडे पुन्हा भरून पाठवतात. दोन-तीनदा नापास झाल्यावर फॉर्म बंद होतो. मग घरातल्या दुसऱ्या कुणाचं खातं टाकलं जातं आणि गुंता वाढतो.

चूक कुठे होते ते समजायला आधी तो एक रुपया नक्की काय करतो ते पाहू.

बाजारपेठ तुमच्या खात्यावर बहुधा आयएमपीएसने एक रुपया पाठवते. पैसे पोचवण्यासाठी तिला फक्त खाते क्रमांक आणि आयएफएससी लागतो. तुम्ही फॉर्ममध्ये भरलेल्या नावाचा रुपया पोचण्याशी काहीही संबंध नाही. रुपया जमा झाल्याचा निरोप देताना तुमची बँक त्यासोबत खातेदाराचं नाव परत पाठवते, आणि बाजारपेठेला हवं असतं ते हे नाव. ते पॅन किंवा जीएसटीवरच्या नावाशी जुळवलं जातं, ते काम यंत्र करतं, आणि जुळलं नाही तर खातं नापास होतं. म्हणजे रुपया विचारपूस करायला आलेला असतो. ‘पैसे तर आले, मग अडचण काय?’ हा प्रश्न म्हणूनच चुकीच्या जागी विचारला जातो.

## टप्पा 1: आधी कागद मांडा, फॉर्म नंतर

फॉर्म उघडण्याआधी एक कोरा कागद घ्या. त्यावर पुढची नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांत, एकाखाली एक, अक्षर न अक्षर उतरवा. मनातून लिहू नका, कागदावर बघून लिहा.

पहिलं, पॅनवरचं नाव. दुसरं, जीएसटी नोंदणीच्या प्रमाणपत्रावरचं कायदेशीर नाव, आणि त्याखाली व्यापारी नाव. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात कायदेशीर नाव म्हणजे मालकाचं पॅनवरचं नाव, आणि व्यापारी नाव म्हणजे दुकानाचं किंवा ब्रँडचं. तिसरं, बँकेच्या दप्तरी असलेलं नाव. चौथं, बाजारपेठेच्या फॉर्ममध्ये तुम्ही आधी काय भरलंय ते.

तिसऱ्या ओळीसाठी पासबुकाच्या पहिल्या पानावर विसंबू नका. ते पान दहा वर्षांपूर्वी छापलेलं असू शकतं, काही ठिकाणी तर हाताने लिहिलेलं असतं. ताजं स्टेटमेंट काढा. त्यावरचं नावही अंतिम नव्हे. का ते पाचव्या टप्प्यात येईल.

जीएसटी क्रमांक असेल तर पोर्टलवर लॉगिन करून आपल्या प्रोफाइलमध्ये `Bank Account Status` हा भाग जरूर बघा. तिथे दिलेल्या बँक खात्याची जीएसटी पोर्टल स्वतः पडताळणी करतं आणि `Success`, `Success with remark`, `Failure` किंवा `Pending for verification` असा शेरा दाखवतं. `Failure` असेल तर कारणही दिलेलं असतं: पॅन बँकेच्या खात्याला जोडलेलंच नाही, जोडलंय पण वेगळं आहे, किंवा आयएफएससी चुकलाय. बाजारपेठेचा मदत विभाग ‘तपशील जुळत नाहीत’ एवढंच सांगून गप्प बसतो, त्यामानाने हे बरंच झालं.

तपासा: पॅन आणि जीएसटीचं कायदेशीर नाव सारखं आहे ना? ते दोन्ही आपसातच जुळत नसतील तर बँकेत जाऊन उपयोग नाही. आधी तो फरक काढा.

## टप्पा 2: रुपया कुठपर्यंत पोचला ते शोधा

‘अयशस्वी’ या एका शब्दाखाली वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे. हा टप्पा गाळला की पुढचे श्रम वाया जातात.

बँकेचं मिनी स्टेटमेंट उघडा आणि फॉर्म पाठवल्याची तारीख बघा. एसएमएस आला नाही म्हणून रुपया आला नाही असं समजू नका. लहान रकमांचे एसएमएस काही बँका पाठवत नाहीत. नोंदीत बाजारपेठेचं नावही शोधू नका. रुपया बरेचदा तिच्या पेमेंट कंपनीच्या नावाने येतो. रक्कम, तारीख आणि ‘आयएमपीएस’ हा शब्द एवढंच बघा.

रुपया जमा दिसतोय आणि पडताळणी नापास आहे. क्रमांक बरोबर, आयएफएससी बरोबर, खातं चालू. अडचण नावात आहे. थेट टप्पा 5 वर जा.

रुपया आलाच नाही. क्रमांक किंवा आयएफएससी चुकलाय, किंवा खातं पैसे स्वीकारत नाही. टप्पा 3 आणि 4 करा.

स्थिती ‘प्रलंबित’ आहे. बाजारपेठेच्या बँकेने रुपया पाठवला, पण तुमच्या बँकेचं उत्तर वेळेत परतलं नाही. असा व्यवहार बँका आपसातला हिशेब मिटवताना, साधारण पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत, सोडवतात. तोवर काही करू नका. याच अवस्थेत दुसऱ्यांदा फॉर्म भरणारे आपला एक प्रयत्न उगाच घालवतात.

इथे एक गैरसमज काढून टाकू. वादळी पावसात गावातल्या शाखेची लाइन गेली, वीज गेली, म्हणून रुपया अडला असं पुष्कळांना वाटतं. खात्यांची नोंद शाखेतल्या संगणकात नसते, बँकेच्या मध्यवर्ती यंत्रणेत असते. देवगडची शाखा दोन दिवस बंद असली तरी तिथल्या खात्यावर आयएमपीएस येतं. अडतं ते मध्यवर्ती यंत्रणा किंवा तिचा बाहेरचा दुवा बंद असेल तेव्हा.

सावधान: याच दिवसांत ‘तुमचा एक रुपया अडकलाय, ओटीपी सांगा’ किंवा ‘हा क्यूआर स्कॅन करा’ असा फोन येऊ शकतो. पैसे घ्यायला पिन, ओटीपी, स्कॅन यांतलं काहीही लागत नाही. असा फोन ठेवून द्या; काही सांगून बसला असाल तर लगेच 1930 या क्रमांकावर तक्रार करा.

## टप्पा 3: खाते क्रमांक आणि आयएफएससी

आयएफएससी अकरा खुणांचा असतो: पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवी खूण नेहमी शून्य, उरलेल्या सहा शाखेच्या. पाचव्या जागी इंग्रजी ओ टाइप होणं ही सगळ्यात नेहमीची चूक. फोनवरून कुणी ‘ओ’ सांगितलं तरी तिथे शून्यच घाला.

दुसरी चूक जुन्या पासबुकातून येते. बँकांची विलीनीकरणं झाली आणि कोड बदलले. देना आणि विजया बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या. सिंडिकेट 2020 मध्ये कॅनरात, त्याच वर्षी कॉर्पोरेशन आणि आंध्र बँक युनियन बँकेत गेल्या. कोकणापुरतं ताजं उदाहरण म्हणजे विदर्भ कोकण ग्रामीण बँक: 1 मे 2025 पासून ती महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. यांपैकी कुठलंही खातं असेल तर कपाटातल्या चेकबुकावरून कोड उतरवू नका. शाखेतून आजचा कोड आणि आजचा खाते क्रमांक दोन्ही लिहून घ्या.

क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं हीसुद्धा डोकेदुखी आहे. स्टेट बँकेचा क्रमांक अकरा आकड्यांचा, पण स्टेटमेंटवर त्याच्या आधी शून्यांची रांग छापलेली दिसते. फॉर्ममध्ये अकराच आकडे भरायचे. याउलट काही बँकांत पहिलं शून्य हा क्रमांकाचाच भाग असतो आणि एक्सेलमध्ये ठेवलेल्या यादीतून तो उतरवला की एक्सेल ते शून्य गाळून टाकतं. चेकच्या पानावर छापलेला क्रमांक प्रमाण मानून एकेक आकडा टाइप करा.

आता पतपेढीचा मुद्दा, कारण कोकणात रोजचा गल्ला बऱ्याच जणांचा तिथेच जमा होतो. पतसंस्था ही बँक नाही. तिच्या बचत खात्याला स्वतःचा आयएफएससी नसतो. पतसंस्थेने एखाद्या बँकेचा कोड दिलाच, तर तिकडून परत येणारं नाव पतसंस्थेचं असू शकतं आणि नावावर पडताळणी पडते. बाजारपेठेसाठी बँकेतलं खातं घ्या, आणि पतपेढीत पैसे हवे असतील तर तिथून पुढे वळवा. लहान सहकारी बँकेत खातं असेल तर शाखेत एवढंच विचारा: ‘बाहेरून आयएमपीएसने पैसे येतात का, आणि त्यासाठी कोणता कोड नि कोणता क्रमांक द्यायचा?’ कारण अशा काही बँका दुसऱ्या मोठ्या बँकेमार्फत जोडलेल्या असतात आणि पासबुकातला क्रमांक तसाच चालतोच असं नाही.

पोस्टाच्या बाबतीत दोन वेगळी खाती एकाच खिडकीवर मिळतात. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचा कोड `IPOS0000001`, आणि पोस्टाच्या जुन्या बचत खात्याचा `IPOS0000DOP`. एकाचा क्रमांक नि दुसऱ्याचा कोड असं मिश्रण झालं की रुपया पोचत नाही.

## टप्पा 4: खातं पैसे घेण्याच्या स्थितीत आहे का

घरचं खातं कधीतरी उघडलेलं, मुंबईला नोकरी असताना तसंच पडून राहिलेलं, आणि आता गावी धंदा सुरू केल्यावर तेच बाजारपेठेला दिलं, असं चाकरमान्यांच्या घरांत नेहमी होतं. दोन वर्षांहून जास्त काळ खातेदाराने स्वतः एकही व्यवहार केला नसेल तर बँक खातं निष्क्रिय ठरवते. केवायसीचं नूतनीकरण राहिलं असेल तर खात्यावर निर्बंध येतात; आधी बहुधा पैसे काढण्यावर, पुढे पैसे येण्यावरही.

शाखेत विचारताना ‘खातं चालू आहे का?’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’ असंच मिळतं. विचारा: ‘खात्यावर बाहेरून पैसे जमा होण्यावर काही निर्बंध आहे का, केवायसीची तारीख उलटली आहे का, आणि पॅन जोडलेलं आहे का?’ या तिन्हींची उत्तरं समोरच्या पडद्यावर दिसतात.

केवायसी पूर्ण केल्यावर किंवा खातं पुन्हा सुरू केल्यावर त्यात एक छोटा व्यवहार स्वतः करा आणि मग घरच्या कुणाला दुसऱ्या बँकेतून खाते क्रमांक व आयएफएससी वापरून एक रुपया पाठवायला सांगा. मोबाइल नंबरवरून किंवा यूपीआय आयडीवरून पाठवलेला रुपया ही चाचणी नव्हे. त्यात क्रमांक नि कोड तपासलेच जात नाहीत.

तपासा: घरून पाठवलेला रुपया जमा झाला तरच पुढे जा.

## टप्पा 5: नाव, म्हणजे खरं दुखणं

रुपया आला आणि तरी नापास, या स्थितीतले विक्रेते नेमके इथे चुकतात: ते फॉर्ममधलं नाव बदलत राहतात. पण तुम्ही फॉर्ममध्ये काय टाइप करता त्यापेक्षा बँक काय परत पाठवते हे महत्त्वाचं. म्हणून आधी बँक बाहेर कोणतं नाव सांगते ते स्वतः बघून घ्या.

हे आता घरबसल्या करता येतं. एनईएफटी आणि आरटीजीएससाठी पैसे पाठवणाऱ्याला समोरच्या खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची सोय बँकांनी 1 एप्रिल 2025 पर्यंत द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं, आणि ती विनाशुल्क आहे. दुसऱ्या बँकेत खातं असलेल्या भावाला, मुलीला किंवा शेजाऱ्याला त्यांच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये तुमचा क्रमांक व आयएफएससी घालून नवीन लाभार्थी जोडायला सांगा. पडद्यावर येणारं नाव जसंच्या तसं, टिंबांसकट, कागदावरच्या तिसऱ्या ओळीत लिहा. पडताळणीतही बाजारपेठेला साधारण हेच नाव मिळतं.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवू. समजा वेंगुर्ल्याजवळच्या एका गृहउद्योगाच्या मालकीणबाई आहेत. कागदावरच्या ओळी अशा:

```
PAN  : SHUBHANGI MAHADEV GAWADE
GST  : SHUBHANGI MAHADEV GAWADE
BANK : SAU S M GAVDE
FORM : SHUBHANGI GAWADE
```

माणसाला ही एकच बाई आहे हे कळतं, यंत्राला कळत नाही. पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरं, आडनावाच्या दोन अक्षरांत फरक आणि पुढे ‘सौ.’ असे तीन फरक एकत्र आले की जुळण्याचे गुण फार खाली जातात. यांतला एखादाच फरक असता तर बहुधा चाललं असतं. नावांचा क्रम बदललेला, म्हणजे आडनाव आधी, हेही सहसा चालतं. मधलं नाव फक्त आद्याक्षराने असेल तर बरेचदा चालतं. पहिलं नाव आद्याक्षराने किंवा आडनाव वेगळं असेल तर मात्र जवळजवळ नेहमी अडतं. मराठी आडनावं इंग्रजीत दहा तऱ्हांनी लिहिली जातात, आणि बँकेतल्या माणसाने त्या दिवशी जशी ऐकली तशी ती नोंदली गेली. त्याचा हा हिशेब आहे.

बाईंनी फॉर्ममध्ये काहीही लिहिलं तरी उपयोग नाही. पॅन आणि जीएसटी आपसात जुळताहेत, म्हणून बदलायचं ते बँकेतलं नाव. मूळ शाखेत पॅन, आधार आणि पासबुक घेऊन जायचं आणि असा अर्ज द्यायचा:

> मा. शाखा व्यवस्थापक,
> माझ्या बचत खाते क्रमांक ______ वर नाव ‘SAU S M GAVDE’ असे नोंदले आहे. माझ्या पॅन व आधारवर ते ‘SHUBHANGI MAHADEV GAWADE’ असे आहे. कृपया माझ्या ग्राहक नोंदीत तसेच या खात्याच्या शीर्षकात, दोन्हीकडे नाव पॅनप्रमाणे दुरुस्त करावे आणि पॅन खात्याशी जोडल्याची खात्री करावी. सोबत पॅन व आधारच्या स्वाक्षांकित प्रती जोडल्या आहेत.

यातला ‘दोन्हीकडे’ हा शब्द अर्जातला सगळ्यात मोलाचा. बँकेच्या यंत्रणेत ग्राहकाची नोंद वेगळी असते आणि प्रत्येक खात्याचं शीर्षक वेगळं. नाव दुरुस्तीचा अर्ज आला की बरेचदा ग्राहकाच्या नोंदीत नाव बदललं जातं आणि खात्याचं शीर्षक जुनंच राहतं. नवं पासबुक पूर्ण नावाने छापून येतं, विक्रेता निश्चिंत होतो, आणि पडताळणी पुन्हा ‘SAU S M GAVDE’ या नावावर नापास होते. स्टेटमेंटवरचं नाव अंतिम नव्हे असं वर म्हटलं ते यासाठीच.

म्हणून दुरुस्तीनंतर शाखेतून बाहेर पडताना पासबुक बघू नका. दोन कामाचे दिवस जाऊ द्या आणि दुसऱ्या बँकेच्या अ‍ॅपमधून नाव पुन्हा काढा. आधी जोडलेला लाभार्थी काढून टाकून नव्याने जोडायला सांगा, नाहीतर तिथे साठवलेलं जुनंच नाव दिसत राहील. बाईंच्या उदाहरणात तिथे `SHUBHANGI MAHADEV GAWADE` दिसलं की काम झालं. अजून जुनं दिसलं तर अर्जाची पोच घेऊन पुन्हा शाखेत, आणि या वेळी ‘खात्याचं शीर्षक’ हा शब्द वापरून.

लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर गोष्ट वेगळी. पॅन माहेरच्या नावाने आणि बँक सासरच्या, अशा वेळी फरक शुद्धलेखनाचा नाही, आणि यंत्र तो सोडत नाही. पुढे कायम कोणतं नाव वापरायचं ते आधी ठरवा. सासरचं ठेवायचं असेल तर क्रम असा: आधी पॅन, मग बँक तपासायची, मग जीएसटीतलं कायदेशीर नाव, आणि शेवटी बाजारपेठेचं प्रोफाइल. घाईत बाजारपेठेपासून सुरुवात केली तर तिथे नाव बदलताक्षणी पॅनची पडताळणी नापास होते आणि मग दुकानच थांबतं. हा रस्ता लांबचा आहे. तोपर्यंत विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडून हाताने पडताळणी मागता येते. त्याबद्दल टप्पा 7 मध्ये.

संयुक्त खातं असेल तर परत येणारं नाव बहुधा पहिल्या खातेदाराचं असतं. वडिलांचं नाव पहिलं आणि तुमचं दुसरं, अशा खात्यावर तुमची पडताळणी होणार नाही. नावांचा क्रम बदलण्यात वेळ घालवण्यापेक्षा स्वतःच्या एकट्याच्या नावाचं वेगळं खातं उघडलेलं बरं.

चालू खातं धंद्याच्या नावाने असेल तर बँक परत पाठवते ते दुकानाचं नाव, उदाहरणार्थ `M/S SAGARTEER FOODS`. पॅनवर मालकाचं नाव, त्यामुळे तिथे ते जुळणारच नाही. जुळवायचं ते जीएसटीच्या व्यापारी नावाशी. जीएसटीत ‘Sagar Teer Food Products’ आणि बँकेत ‘Sagarteer Foods’ असं असेल तर एकाकडे बदल करावा लागेल. बँकेकडे करणं सोपं. जीएसटीतलं व्यापारी नाव हे मुख्य नोंदींत मोडतं; ते बदलायला अर्ज लागतो आणि अधिकाऱ्याच्या मंजुरीला पंधरा कामाचे दिवस लागू शकतात. नोंदणीच अजून करायची असेल तर तिन्ही ठिकाणी तेच नाव, तेच शब्द, शब्दांमधली जागाही तशीच सोडून लिहा.

## टप्पा 6: पुन्हा फॉर्म भरा, पण एकदाच

घरचा एक रुपया पोचतोय आणि बाहेर दिसणारं नाव पॅनशी जुळतंय, या दोन्ही गोष्टी डोळ्यांनी पाहिल्यावरच बाजारपेठेचा फॉर्म उघडा. प्रयत्नांना मर्यादा असते, आणि बरेचदा ती आधी सांगितलेली नसते.

खातेदाराच्या नावाच्या रकान्यात तेच नाव घाला जे दुसऱ्या बँकेच्या पडद्यावर दिसलं. ब्राउझरने आपोआप भरलेलं नाव पुसून टाका. ‘बचत’ की ‘चालू’ हा पर्याय बघून निवडा. फॉर्म कामाच्या दिवशी सकाळी अकरा ते दुपारी तीनच्या दरम्यान पाठवा. आयएमपीएस रात्रंदिवस चालतं, पण मध्यरात्रीच्या आसपास बँकांची देखभालीची कामं निघतात, आणि काही अडलं तर शाखेत फोन उचलायला कुणी हवं. दुसरा-चौथा शनिवार आणि गणपतीच्या सुट्या टाळा.

काही बाजारपेठा एक रुपया पाठवून नाव तपासत नाहीत. त्या रुपया-दीड रुपयाच्या आतबाहेरची रक्कम पाठवून नेमका आकडा तुम्हाला टाइप करायला सांगतात. तिथे पैसेही महत्त्वाचे: 1.07 आले असतील तर 1.07 असंच भरायचं, 1 नव्हे. दोन रकमा आल्या तर बेरीज करायची नाही, दोन रकान्यांत वेगवेगळ्या भरायच्या. आकडा स्टेटमेंटवरून घ्या, आणि लवकर घ्या, कारण या तपासणीला मुदत असते.

## टप्पा 7: तरीही नापास, तर हाताने पडताळणी मागा

काही बँका उत्तरात नाव पाठवतच नाहीत, किंवा लांब नाव मध्येच तोडून पाठवतात. अशा वेळी तुमचं सगळं बरोबर असूनही यंत्र नापास करतं. इथे बाजारपेठेच्या मदत विभागाकडून माणसाने कागद बघून पडताळणी करावी लागते.

कागदांत नाव छापलेला रद्द केलेला चेक सगळ्यात बरा. बचत खात्याच्या पहिल्या चेकबुकावर नाव नसतं बरेचदा. तो चेक पाठवून उपयोग नाही. त्याऐवजी बँकेच्या लेटरहेडवर पत्र घ्या, ज्यात पूर्ण नाव, पूर्ण खाते क्रमांक, आयएफएससी, खात्याचा प्रकार आणि ‘खाते चालू स्थितीत आहे’ हे वाक्य असेल, खाली सही नि शिक्का. क्रमांकातले मधले आकडे फुल्यांनी झाकलेलं स्टेटमेंट परत येतं.

तक्रार लिहिताना ‘माझे पैसे अडकले’ एवढंच लिहू नका. एक रुपया कोणत्या तारखेला जमा झाला, त्याचा बारा आकडी व्यवहार क्रमांक कोणता, पॅनवर नाव काय आणि बँकेत काय, हे चार ओळींत लिहा:

> एक रुपया दि. ____ रोजी माझ्या खात्यात जमा झाला आहे. व्यवहार क्रमांक ____________. पॅनवरील व बँकेतील नाव सारखे आहे (बँकेचे पत्र जोडले आहे). बँकेकडून परत आलेले नाव तुमच्याकडे काय दिसते ते कळवावे आणि कागदपत्रांवरून पडताळणी करावी.

‘तुमच्याकडे कोणतं नाव दिसतं’ हा प्रश्न मुद्दाम विचारा. उत्तर आलं तर दोष बँकेकडे आहे की जुळवणीत, हे तिथेच कळतं. रिकामं नाव आलं असेल तर शाखेत खेटे घालून काही होणार नाही. दुसऱ्या बँकेत खातं उघडणं हाच जलद मार्ग.

## टप्पा 8: पडताळणी झाली, पण पहिलं पेमेंट परत गेलं

एक रुपया मावतो म्हणून अकरा हजार मावतीलच असं नाही. पूर्ण कागदपत्रांशिवाय उघडलेल्या ‘लघु खात्या’ला वर्षभरात एकूण एक लाख रुपये जमा आणि कोणत्याही वेळी पन्नास हजार शिल्लक, अशी मर्यादा असते. पेमेंट्स बँकेच्या खात्यात दिवसाअखेर दोन लाखांपेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. आंब्याच्या हंगामात आठवड्याचं पेमेंट मोठं झालं की मर्यादा ओलांडणारी रक्कम परत जाते आणि बाजारपेठ खातं पुन्हा ‘पडताळणी हवी’ या स्थितीत टाकते. लघु खातं असेल तर हंगामाआधी, म्हणजे फेब्रुवारीतच, केवायसी पूर्ण करून ते साध्या बचत खात्यात बदलून घ्या.

पेमेंटची तारीख चुकली तर रक्कम बहुधा पुढच्या चक्रात ढकलली जाते, बुडत नाही. मात्र खातं बदललं की अनेक ठिकाणी सुरक्षेसाठी काही दिवस पेमेंट रोखून धरतात. म्हणून पेमेंटच्या आदल्या दिवशी खातं बदलू नका. नाव दुरुस्त होऊन तेच खातं चालणार असेल तर तेच ठेवा, आणि बदलायचंच असेल तर एक पेमेंट जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी बदला, म्हणजे पुढच्या तारखेपर्यंत पूर्ण अवधी हातात राहतो.